शाळेच्या तपासणीत पोराच्या छातीत ‘मर्मर’ सापडला. पुढं काय करायचं?

मलप्रभाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. त्यांनी त्याच्या कार्डावर काहीतरी लिहून दिलं. कार्ड कन्नडमध्ये छापलेलं, लिहिलेलं इंग्रजीत. शेजारच्या कॉलेजच्या मुलीनं वाचून सांगितलं, ‘सिस्टॉलिक मर्मर, जिल्हा रुग्णालयात पाठवा.’ शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हृदयात आवाज येतोय, छिद्र असू शकतं.

तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागेना. सासूबाई दिवसातून दोनदा मीठमोहऱ्या ओवाळतात. पोरगं मात्र नेहमीसारखंच आहे. दिवसभर उंडारतं, झाडावर चढतं, दम लागल्याचं मी कधी बघितलं नाही. वजन साडेपंधरा किलो. जरा फिकट दिसतो आणि माती खातो. तपासणीच्या दिवशी त्याला ताप होता, तरी मी शाळेत पाठवलं होतं.

मिस्टर शिनोळीला कंपनीत आहेत, सुट्टी मिळणं अवघड. बेळगावला जाऊ, की कोल्हापूरला? किती घाई करायला पाहिजे? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निपाणीकर | सोमवार, रात्री १०:०५

वहिनी, घाबरू नका, पण सोडूही नका. माझ्या थोरल्याला दीड महिन्याचा असताना हाच मर्मर निघाला होता. जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा काहीच नव्हतं, दुसऱ्या लसीला गेलो तेव्हा आवाज आला. इको केला तर पडद्याला छिद्र. पोरगं चार वर्षांचं होईतो ते आपोआप बुजलं. आज कबड्डी खेळतंय.

एक गोष्ट विचारून घ्या, आवाज मोठा आहे की बारीक. मोठा असला तर छिद्र मोठं, मग पळा. बारीक असला तर काही नसतं, सोडून द्या. आमच्याचा आवाज लई मोठा होता, म्हणून आम्ही पळालो.

शहापूरकर | सोमवार, रात्री १०:३०

मलाही हा त्रास आहे. वय ४८. संध्याकाळी दोन कप चहा झाला की छातीत धडधडतं, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. मर्मर म्हणतात तो हाच ना? औषध काय चालू आहे तुमच्या मुलाला?

छोटी_पावलं | मंगळवार, सकाळी ७:१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बेळगाव आणि खानापूर भागात तीस वर्षं लहान मुलं तपासतोय. इथं बसून निदान करता येत नाही, पण या ताईंना काय विचारायचं आणि काय बघायचं हे नक्की सांगता येईल.

शहापूरकर, तुमचा त्रास वेगळा. धडधड ही आपल्याला स्वतःला जाणवते. मर्मर ज्याच्या छातीत असतो त्याला काहीच कळत नाही, तो स्टेथोस्कोप लावणाऱ्याला ऐकू येतो. ठोका चुकल्यासारखं वाटत असेल तर फिजिशियनकडून ईसीजी काढून घ्या, पण त्याचा या मुलाशी संबंध नाही.

आता ताई, तुमच्याबद्दल. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे रक्त वाहताना जो आवाज येतो तो मर्मर. नदीला खडक लागला तरी आवाज येतो आणि पात्र साफ असून पाणी जोरात असलं तरी येतो. लहान मुलांची छाती पातळ, हृदय कानाजवळ, रक्त वेगानं धावतं, म्हणून निरोगी मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास कधी ना कधी असा आवाज सापडतोच. जन्मजात हृदयदोष मात्र हजारी आठ-नऊ बाळांत असतो. म्हणजे पाच वर्षांच्या, खेळत्या, वाढत्या मुलात सापडलेला आवाज बहुतेक वेळा निर्दोष निघतो. ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे, म्हणून तपासायचं.

तुमच्या मुलाला त्या दिवशी ताप होता आणि तो फिकट आहे. ताप आला की हृदय जोरात चालतं, रक्त कमी असलं की पातळ रक्त आणखी वेगानं धावतं. दोन्हींमुळे साधाच आवाज मोठा ऐकू येतो. पथकातल्या डॉक्टरांनी ऐकलं ते खरंच आहे. आवाज सापडला आणि पुढं पाठवलं, त्यांचं काम त्यांनी नीट केलं. पण तापातला आवाज ऐकून त्यावर शेवटचा निकाल द्यायचा नसतो.

छोटी_पावलं | मंगळवार, सकाळी ७:४०

निपाणीकरांच्या मुद्द्याला वेगळं उत्तर देतो, कारण ही समजूत घरोघरी आहे आणि तिनं नुकसान होतं.

तुमच्या मुलाचं तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. पण आवाजाच्या मोठेपणावरून छिद्राचा मोठेपणा ठरत नाही. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की फट बारीक होते आणि पाणी सूं करत उडतं. अंगठा काढला की पाणी जास्त येतं, आवाज मात्र जातो. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं तसंच. बारीक छिद्र मोठ्यानं वाजतं. मोठं छिद्र कधी कधी अगदी हळू वाजतं, आणि तेच बाळ दूध पिताना कपाळावर घामानं डबडबतं, दोन घोट घेऊन थांबतं, वजन धरत नाही, वारंवार न्यूमोनियानं दवाखान्यात येतं.

दीड महिन्यानं आवाज का आला, तेही सांगतो. जन्मल्यानंतर पहिले काही दिवस फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब जास्त असतो, त्यामुळं डावीउजवीकडचा फरक कमी, छिद्रातून फारसं रक्त जातच नाही. पुढच्या काही आठवड्यांत तो दाब उतरतो आणि आवाज सुरू होतो. म्हणून ‘जन्मल्यावर तपासलं होतं, काही नव्हतं’ यावर कुणी विसंबू नये.

आवाज इतका मोठा असेल की छातीवर तळहात ठेवला तर मांजर गुरगुरल्यासारखं हाताला लागतं, तर तो निर्दोष नसतो, पाठवायचाच. पण उलट बाजूनं ‘बारीक आहे, सोडा’ हे कधीच म्हणू नका.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ८:१०

हे मला आजपर्यंत उलटंच ठाऊक होतं, डॉक्टर. गावात चार जणांना मी तसंच सांगितलंय. आता त्यांना फोन करतो.

शाळेतली_बाई_वडगाव | मंगळवार, दुपारी १:२०

एक गोष्ट मनात अनेक वर्षं आहे, ती लिहिते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तान्ही असताना तिच्या हृदयात आवाज होता, घरच्यांना माहीत होतं. सात-आठ वर्षांची असताना कुणीतरी तपासून सांगितलं की आता आवाज येत नाही. घरच्यांना वाटलं छिद्र बुजलं, त्यांनी पेढे वाटले. बारा वर्षांची झाली तेव्हा जिने चढताना ओठ जांभळे पडायला लागले. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशनची वेळ निघून गेली. असं कसं होतं?

छोटी_पावलं | मंगळवार, रात्री ९:००

बाई, होतं, आणि मी स्वतः अशी मुलं बघितली आहेत. छिद्र मोठं असेल तर वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त फुफ्फुसांत शिरतं. तिथल्या बारीक नळ्या त्या माऱ्यानं जाड आणि कडक होतात, दाब वाढत जातो. एक वेळ अशी येते की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि छिद्रातून रक्त धावेनासं होतं. आवाज थांबतो. छिद्र तिथंच असतं. पुढं दाब उलटा झाला की अशुद्ध रक्त अंगभर जातं आणि ओठ निळे पडतात. तेव्हा छिद्र बंद केलं तर हृदयाला वाटच उरत नाही, म्हणून ऑपरेशन करता येत नाही.

निपाणीकरांच्या मुलाचं बुजलं तेव्हा पुन्हा इको करून खात्री केली होती ना? एकदा दोष सापडलेल्या मुलाचा आवाज गेला तर ती आनंदाची बातमी आहे की नाही, हे इकोच सांगतो, कान नाही.

निपाणीकर | मंगळवार, रात्री ९:२०

होय, केली होती. कागद जपून ठेवलेत.

सिस्टर_चिक्कोडी | मंगळवार, रात्री १०:१५

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. डॉक्टरांचं सगळं पटलं, पण माझं मत असं की सापडला मर्मर की सरळ इको करून टाकावा. त्यात सुई नाही, रेडिएशन नाही. ‘ताप उतरल्यावर पुन्हा दाखवा’ म्हटलेल्या आयांपैकी किती परत येतात, ते आम्हाला विचारा. ऊसतोडीला गेल्या की सहा महिने पत्ता नसतो. एकदा हातात आलेलं मूल परत पाठवू नये.

छोटी_पावलं | बुधवार, सकाळी ७:०५

सिस्टर, ऊसतोडीच्या मुलांबद्दल तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. जे मूल परत येणार नाही असं दिसतंय, त्याला मीही त्याच दिवशी पाठवतो. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आवाज कसाही असो, माझ्या कानावर मी विसंबत नाही. तान्ह्या बाळाच्या हृदयाचा वेग इतका की निर्दोष आवाज ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

माझी अडचण पुढची आहे. सगळ्यांचा इको म्हटलं की तो जवळ जिथं होईल तिथं होतो. मोठ्यांचा इको रोज करणारे डॉक्टर असतात, पण रडणाऱ्या लहान मुलाचं हृदय बघण्याचा हात वेगळा लागतो. मग रिपोर्टमध्ये येतं, ‘ट्रिव्हियल टीआर’. म्हणजे एका झडपेतून थेंबभर रक्त मागं येतं. ते निरोगी माणसांतही दिसतं, त्याला औषध नाही आणि गरजही नाही. पण आईबापांच्या हातात ‘झडप गळते’ असा कागद पडतो आणि त्या मुलाचं पळणं, पोहणं, खो-खो सगळं बंद होतं. मी अशी दहावीपर्यंत बाकावर बसवून ठेवलेली मुलं बघितली आहेत. दुसरीकडं, नवशिक्या हातून वरच्या कप्प्यांमधलं छिद्र निसटतं आणि ‘नॉर्मल’ असा शिक्का बसतो.

सिस्टर_चिक्कोडी | बुधवार, सकाळी ९:३०

बाकावर बसवलेलं मूल जिवंत तरी असतं, डॉक्टर. निसटलेलं मूल मी बघितलंय. या बाबतीत आपलं जमणार नाही, पण तुमचं कारण मला कळलं.

मलप्रभाकाठची | बुधवार, दुपारी ३:००

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून थोडा धीर आला. ताप उतरलाय. शनिवारी बेळगावला दाखवायचं ठरवलं. डॉक्टरसाहेब, तिथं ते काय काय बघतील? मला समजेल असं सांगा, म्हणजे ते बघितलं की नाही ते मला कळेल.

छोटी_पावलं | बुधवार, रात्री ९:३०

ताई, हा प्रश्न फार कमी आया विचारतात.

पहिलं, मूल शांत हवं. रडत असेल तर दूध, बिस्किट, काहीही द्या आणि थांबा म्हणा. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतील, निरोगी मुलात तो ९५ च्या वर असतो. जांघेतली नाडी बोटांनी शोधतील. ती हातापेक्षा खूपच क्षीण लागली तर मुख्य रक्तवाहिनी पुढं कुठंतरी आवळलेली असू शकते. ही नाडी घाईत राहून जाते. राहिली तर तुम्ही आठवण करा, कुणी रागावणार नाही. हाताचा रक्तदाबही घेतात.

मग त्याला आडवं झोपवून ऐकतील, नंतर उठवून बसवतील, शेवटी उभं करून ऐकतील. यात सगळं मर्म आहे. या वयातला जो नेहमीचा निर्दोष आवाज, त्याला स्टिलचा मर्मर म्हणतात. लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोग डॉक्टरांनी तो १९०९ साली लिहून ठेवला. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला तो येतो आणि तार छेडल्यासारखा, गुणगुणल्यासारखा असतो. दोषाचा आवाज बहुधा खरखरीत असतो, करवतीसारखा. स्टिलचा आवाज झोपल्यावर मोठा होतो, उठून बसलं की मंद होतो, उभं राहिलं की कधी कधी जातोच. कारण झोपल्यावर पायाकडचं रक्त हृदयाकडं जास्त येतं. याच्या उलट, उभं राहिल्यावर जो आवाज वाढतो तो मला अजिबात आवडत नाही. तो हृदयाचा स्नायू जाड झाल्याचा असू शकतो, आणि तसं मूल मी त्याच आठवड्यात पाठवतो.

आणखी एक बारकी गोष्ट आहे, पण त्यावरच माझा सगळ्यात जास्त भरवसा. हृदय ‘लब-डब’ करतं. त्यातला ‘डब’ हा दोन झडपा मिटल्याचा जोडआवाज. श्वास आत घेतला की तो किंचित फाटतो, सोडला की पुन्हा एक होतो. वरच्या कप्प्यांमध्ये छिद्र असलेल्या मुलात तो श्वासानं हलत नाही, सतत फाटलेलाच राहतो. या छिद्राचा मर्मर इतका मऊ असतो की निर्दोषच वाटतो. मूल खेळतं, वाढतं, आणि तीस वर्षांचं झाल्यावर दम लागायला लागतो. म्हणून मर्मर ऐकून झाला की मी डोळे मिटून फक्त ‘डब’ ऐकतो. डॉक्टर बराच वेळ गप्प बसून ऐकत असतील तर घाबरू नका, ते हेच करत असतात.

तुम्ही तयारी करायची ती उत्तरांची. लहानपणी दूध पिताना दमत होता का, निळा पडला होता का, न्यूमोनिया किती वेळा झाला, पळताना कधी चक्कर येऊन पडला का, घसा दुखल्यानंतर एकामागून एक सांधे सुजले होते का. आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का.

कडोलीचा_शेतकरी | बुधवार, रात्री १०:१०

कोल्हापूर की बेळगाव ते राहिलं. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली होती, आपलं गाव त्यात आहे का बघा. आपली भाषा बोलणारा डॉक्टर भेटला की निम्मं दुखणं कमी होतं.

छोटी_पावलं | बुधवार, रात्री १०:२५

बरोबर आहे, भाषेचा प्रश्न खरा आहे. पण ताईंच्या हातात शाळेच्या पथकाचं कार्ड आहे. ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आहे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो २०१३ पासून चालू आहे. त्या कार्डावर जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात तपासणी आणि पुढं लागलं तर उपचारही सरकारी खर्चानं होतात. कार्ड कर्नाटकातलं, म्हणून रांग बेळगावात लवकर लागेल. तिथं मराठी समजणारे पुष्कळ आहेत. कार्डाची मूळ प्रत कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

मलप्रभाकाठची | रविवार, सायंकाळी ६:३०

काल जाऊन आलो. पहाटेची गाडी धरली, नंबर लागायला दुपार झाली. तुम्ही लिहिलेलं मी कागदावर उतरवून नेलं होतं.

ऑक्सिजन ९८. रक्तदाब बरोबर. जांघेतली नाडी मी म्हणायच्या आधीच बघितली. झोपवून ऐकलं, बसवून ऐकलं, उभं करून ऐकलं. डॉक्टरबाईंनी मलाही स्टेथोस्कोप कानाला लावून दिला. झोपला होता तेव्हा खरंच गुणगुण ऐकू आली, उभा राहिल्यावर मला काहीच ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, आवाज सहापैकी दुसऱ्या पायरीचा, ‘डब’ श्वासाबरोबर नीट हलतो, निर्दोष वाटतो. रक्त ८.९ निघालं. जंताचं औषध आणि लोहाचं सिरप दिलं, वजनाच्या किलोमागे रोज तीन मिलिग्रॅम या हिशोबानं. चहा-दुधाबरोबर द्यायचं नाही. महिन्यानं रक्त वाढलं की पुन्हा ऐकणार आहेत.

मी तिथंच रडले. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, पण या खेपेला आनंदानं.

निपाणीकर | रविवार, सायंकाळी ६:५०

देव पावला वहिनी!

छोटी_पावलं | रविवार, रात्री ८:१५

उत्तम तपासलं आहे. मीही हेच केलं असतं. सिरप रक्त वाढल्यावर लगेच थांबवू नका, अंगातला साठा भरायला साधारण तीन महिने लागतात. शौच काळी होईल, त्याला घाबरू नका. पोराला पळू द्या.

घरात कुणी तरुणपणी गेलं आहे का, याचं उत्तर काय दिलंत? तुमच्या लिहिण्यात ते आलं नाही.

मलप्रभाकाठची | रविवार, रात्री ११:१०

ते विचारलं होतं. मिस्टरांनी ‘नाही’ सांगितलं, कारण त्यांच्या घरात कुणी नाही. मी गप्प बसले. माझा धाकटा भाऊ गेला आहे. चोवीस वर्षांचा होता. गावच्या मैदानावर कबड्डी खेळताना पडला तो उठलाच नाही. हार्ट अटॅक म्हणाले. पोस्टमॉर्टेम झालं नाही, वडिलांनी करू दिलं नाही. मला वाटलं, माहेरचं कशाला सांगायचं, आवाज तर पोराला आहे. आणि ते नाव घेतलं की आईला अजून आवरत नाही.

एक आठवलं, ते लिहिते. त्याच्या दोन वर्षं आधी तो लष्कर भरतीला गेला होता. धावण्यात पहिला आला आणि मेडिकलला नापास झाला. छातीत आवाज आहे म्हणाले होते. पुढं कुणी काही दाखवलं नाही. तो म्हणायचा, मला काही होत नाही, मी सगळ्यात पुढं पळतो.

छोटी_पावलं | सोमवार, सकाळी ६:२०

ताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. भावाबद्दल वाईट वाटलं. तुमचं काही चुकलेलं नाही. असा प्रश्न विचारताना आम्हीच ‘आईकडचंही सांगा’ असं वेगळं म्हणायला पाहिजे.

पण आता माझं मत बदललं. मुलाचा आवाज अजूनही मला निर्दोषच वाटतो, उभं राहिल्यावर तो गेला ही चांगली खूण आहे. तरी हृदयाचा स्नायू जाड होण्याचा जो आजार आहे त्यात पुष्कळांना आवाज येतच नाही. म्हणून आवाज चांगला असणं इथं पुरेसं नाही. चोविसाव्या वर्षी खेळताना अचानक गेलेला माणूस, आणि त्याच्या छातीत आधी आवाज सापडलेला, एवढ्यावर मी मुलाला बालहृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतो. ईसीजी आणि इको, दोन्ही. ईसीजी यासाठी की काही आजार विजेच्या वायरिंगसारखे असतात, इकोत हृदय ठीक दिसतं आणि ईसीजीत दोष दिसतो. सिस्टर, इथं मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे.

आता दुसरी गोष्ट, ती नीट वाचा. भावाला तो आजार होता की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण असला तर तो आईवडिलांपैकी एकाकडून येऊ शकतो, आणि मग प्रत्येक भावंडाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे मुलाच्या आधी तपासायला हव्या त्या तुम्ही. तुमचा ईसीजी आणि इको, आणि तुमच्या आईवडिलांचाही. दोष घराण्यातला असला तर मोठ्या वयाच्या माणसात तो जास्त स्पष्ट दिसतो. पाच वर्षांच्या मुलात आज काही दिसलं नाही तरी वयात येताना तो उमटू शकतो. तुम्ही आणि तुमचे आईवडील, तिघं स्वच्छ निघालात तर पोराची काळजी पुष्कळ कमी होईल.

तुम्हाला कधी पळताना चक्कर, छातीत दुखणं, काही?

मलप्रभाकाठची | सोमवार, दुपारी २:४५

पळायला कुठं मिळतंय. पण बाळंतपणात एकदा घेरी आली होती, तेव्हा रक्त कमी आहे म्हणाले होते. विहिरीवरून घागर आणताना दम लागतो, तो सगळ्यांनाच लागतो.

सिस्टर_चिक्कोडी | सोमवार, दुपारी ३:१०

ताई, ‘सगळ्यांनाच लागतो’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा. पोराचं कार्ड असतं, आईचं कार्ड नसतं, म्हणून तुमचं राहून जाईल. बाह्यरुग्ण विभागात तुमच्या नावानं वेगळा कागद काढा. तुम्ही ज्या दिवशी येणार ते मला कळवा, मी त्या दिवशी सुट्टी घेऊन तुमच्याबरोबर उभी राहते.

निपाणीकर | सोमवार, दुपारी ४:००

डॉक्टर, तोवर पोराला खेळू द्यायचं की नाही?

छोटी_पावलं | सोमवार, रात्री ९:१०

अवघड प्रश्न आहे. घरातलं, अंगणातलं खेळणं चालू द्या, दमला की तो आपोआप बसतो. शर्यती आणि चुरशीचे खेळ इको होईपर्यंत नको. ही माझी सावधगिरी आहे. दुसरे डॉक्टर एवढंही थांबवणार नाहीत, आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही. पळताना चक्कर आली, बेशुद्ध पडला किंवा छातीत दुखतंय म्हणाला तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घेऊन या.

मलप्रभाकाठची | पुढच्या गुरुवारी, रात्री ९:५०

काल सगळे गेलो होतो. सिस्टरताई खरंच आल्या, चिक्कोडीहून. मुलाचा ईसीजी आणि इको झाला, दोन्ही नॉर्मल. बालहृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, आवाज निर्दोष आहे, आज याला काही नाही, पण घरातल्यांचं कळेपर्यंत वर्षातून एकदा दाखवत राहा. बाबांचाही नॉर्मल आला.

माझ्या ईसीजीत काहीतरी वेगळं दिसतंय म्हणाले. इको मोठ्यांच्या विभागात करायचा आहे, मंगळवारची तारीख मिळाली. आई अजून यायला तयार नाही. म्हणते, माझं आता काय बघायचं राहिलंय. मी तिला भावाचा भरतीचा कागद दाखवला, ट्रंकेत होता. ती तो हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, मंगळवारी किती वाजता निघायचं.